विमान दहाचे, मग सातला कशाला?

मुलांनो, एस.टी. दहाला सुटणार असेल, तर आपण पावणेदहाला स्थानकावर पोहोचतो. कधी कधी तर गाडी हलल्यावरही कंडक्टर घंटी वाजवून आपल्याला आत घेतो. विमानाचे मात्र तसे नाही. देशातल्या देशात जायचे असेल तर दोन तास आधी या आणि परदेशी जायचे असेल तर तीन तास आधी या, असे विमान कंपन्या सांगतात. विमानतळ तोच, धावपट्टीही तीच. मग हा एक तास जास्त कशासाठी?

आमच्या घरातून एकदा एकाच आठवड्यात दोघेजण मुंबईहून विमानाने गेले. माझा धाकटा भाऊ नोकरीच्या मुलाखतीसाठी नागपूरला गेला आणि मामू इलेक्ट्रिशियनच्या कामावर जेद्दाला गेले. त्या दोन दिवसांत मला हा फरक नीट समजला. तोच तुम्हांला सांगतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तिकिटावर छापलेली वेळ ही विमान हलण्याची वेळ असते. आपली खरी वेळ त्याच्या बरीच आधीची असते. ज्या काउंटरवर आपले सामान घेतात आणि विमानात बसण्याचा पास देतात, तो काउंटर देशातल्या प्रवासासाठी साधारण एक तास आधी बंद होतो. परदेशी प्रवासासाठी काही कंपन्या तो सव्वा तास आधीच बंद करतात. पुढे विमानाकडे जाण्याचा दरवाजाही वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होतो. उशीर झाला की कितीही विनवण्या केल्या तरी तो उघडत नाही.

एवढी कडक शिस्त का? सामानाची तपासणी करून ते विमानाच्या पोटात चढवायला वेळ लागतो. शिवाय ज्याचे सामान विमानात आहे, तो माणूसही विमानात बसला आहे ना, हे पाहावे लागते. १९८५ साली २३ जून रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर असताना बॉम्बस्फोटाने कोसळले आणि ३२९ माणसे प्राणास मुकली. ज्या बॅगेत बॉम्ब होता, तिचा मालक विमानात बसलाच नव्हता. म्हणून आज एखादा प्रवासी सामान देऊन स्वतः आला नाही, तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात. आपण हातावर मिनिटे मोजत धावत आलो, की या सगळ्या कामाला वेळच उरत नाही.

आता भावाची हकीकत ऐका. त्याचे विमान दुपारी बाराचे होते. तो दहाला विमानतळावर पोहोचला. दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाने त्याचे तिकीट आणि ओळखपत्र पाहिले. काउंटरवर बॅग देऊन तो साडेदहाला मोकळा झाला. मग अंगाची आणि हातातल्या पिशवीची तपासणी झाली. अकराला दहा कमी असताना तो आत जाऊन बसलाही होता. "भाईजान, तुम्ही उगीच लवकर पाठवलंत," असे त्याने फोनवर मला ऐकवलेच! खरे सांगायचे तर त्या दिवशी तो सव्वादहाला आला असता तरी निभावले असते. पण रांग किती मोठी असेल हे घरी बसून कळत नाही. म्हणून दोन तास धरायचे.

मामूंचे विमान रात्री दहाचे होते. आम्ही त्यांना सात वाजता विमानतळाच्या दारात सोडले. तिकीट नसणाऱ्यांना आत सोडत नाहीत, म्हणून निरोप बाहेरच द्यावा लागतो. (आमच्याकडे एका माणसाला सोडायला आठजण जातात, आणि प्रत्येकाला गळाभेट हवी असते. तो वेळही घरीच हिशेबात धरलेला बरा.)

काउंटरच्या रांगेत मामूंचा नंबर सात-चाळीसला लागला. परदेशी जाणाऱ्यांचे सामान जास्त असते, शिवाय कंपनीचा माणूस प्रत्येकाचा पासपोर्ट आणि व्हिसा उघडून पाहतो. त्याला तसे करावेच लागते. कागद अपुरे म्हणून समोरच्या देशाने प्रवाशाला परत पाठवले, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि पुष्कळ देशांत तिला दंडही भरावा लागतो.

मामूंच्या बाबतीत येथेच घोटाळा झाला. पासपोर्टवर त्यांच्या नावात 'मोहम्मद' असे पूर्ण लिहिले होते. तिकीट काढणाऱ्याने मात्र आपल्या सवयीप्रमाणे त्याचे चार इंग्रजी अक्षरांत लघुरूप करून टाकले होते. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी असे लिहितात. घरात ते चालते. पण पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट यांवर नाव सारखेच असावे लागते. मामूंना रांगेतून काढून कंपनीच्या दुसऱ्या खिडकीवर पाठवले. तिकिटावरचे नाव दुरुस्त व्हायला चाळीस मिनिटे लागली. परत येऊन साडेआठला त्यांच्या हातात पास पडला. काउंटर पावणेनऊला बंद होणार होता.

आता तुम्हीच हिशेब करा. मामू भावासारखे दोनच तास आधी, म्हणजे आठला पोहोचले असते, तर त्यांचा नंबर आठ-चाळीसला लागला असता. नाव दुरुस्त होईपर्यंत नऊ-वीस झाले असते आणि तोवर काउंटर बंद झालेला असता. भावाचे विमान चुकले असते, तर तिकिटाचे पैसे गेले असते. पण नागपूरला त्याच संध्याकाळी दुसरे विमान होते. मामूंना तर जेद्दाला ठरलेल्या दिवशी हजर व्हायचे होते.

पास मिळाल्यावर परदेशी जाणाऱ्याला आणखी एका ठिकाणी थांबावे लागते. त्याला इमिग्रेशन म्हणतात. तेथे सरकारी अधिकारी पासपोर्ट तपासतो, चेहरा ताडून पाहतो, कोठे आणि कशासाठी चाललात ते विचारतो आणि देश सोडल्याचा शिक्का मारतो. भावाला हे काहीच लागले नाही, कारण नागपूरला जाताना आपण देश सोडत नाही. जे दहावी पास नाहीत, त्यांच्यापैकी बहुतेकांना सौदी अरेबियासारख्या देशांत मजुरीला जाण्यापूर्वी सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती आहे की नाही, हेही येथेच पाहतात. मामू दहावी पास आहेत, म्हणून तो प्रश्न आला नाही. तरीही तेथे पस्तीस मिनिटे गेली. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने रात्री उशिरा आणि पहाटे सुटतात, त्यामुळे त्या वेळी रांगा लांब असतात.

नऊ वाजून पाच मिनिटांनी ते तेथून सुटले. सुरक्षा तपासणीत आणखी पंधरा मिनिटे गेली. विमानाकडे जाणारा दरवाजा नऊ-पस्तीसला बंद होणार होता. मामू तेथे नऊ-वीसला पोहोचले, तेव्हा प्रवाशांची रांग पुढे सरकत होती. रांगेत उभे राहूनच त्यांनी मला फोन केला आणि पहिले वाक्य बोलले, "तिकिटावर पूर्ण नाव लिहायला सांगत जा रे सगळ्यांना."