वारा बाहेर ढकलतोय, तरी लाँच धक्क्याला

तर मंडळी, समजा १० मीटरची लाँच धक्क्याला लावायचीय आणि वारा धक्क्याकडून समुद्राकडे वाहतोय. आधी पाण्याची ओढ बघा आणि ती समोरून घ्या. मग लाँच जवळजवळ थांबली तरी सुकाणूवरून पाणी वाहत राहतं, ती ऐकते.

आता पहिला दोर कुठला? बरेच जण नाळेचा बांधतात. तेवढ्यात वारा मागची बाजू बाहेर फेकतो आणि नाळ धक्क्यावर घासते. त्यापेक्षा आधी स्प्रिंग द्या, म्हणजे लाँचच्या मध्याच्या जरा पुढून निघून मागच्या बोलार्डला जाणारा दोर. इंजिन अगदी हळू पुढे, सुकाणू धक्क्याच्या उलट बाजूला. दोर पुढे जाऊ देत नाही, सुकाणू मागची बाजू आत ढकलतं, लाँच चिकटून उभी राहते! दाब पुढच्या खांद्यावर येतो, सगळ्यात जाड फेंडर तिथेच हवा.

मागची बाजू सुटतेय? सुकाणू आणखी वळवा. नाळ सुटतेय? थोडं सरळ करा. इंजिन तसंच चालू ठेवून बाकीचे दोर निवांत बांधा. मुंबईत मात्र ढील ठेवा, मोठ्या भरती-ओहोटीत पाणी ४ मीटरहून जास्त वरखाली होतं. आखूड ताणलेल्या दोरावर ओहोटीला लाँच चक्क लटकते.