वरचा प्लॅन सुचवताना: ग्राहकाचं वाक्य आणि पॉलिसीची अट

मंडळी, आज आरोग्य विम्याचं एकच उदाहरण घेऊ. समजा, पन्हाळ्यावर लॉज चालवणाऱ्या एका काकांची तीन लाखांची कुटुंब पॉलिसी आहे. नूतनीकरणाला महिना उरलाय. मागच्या भेटीत ते बोलता बोलता म्हणाले होते, "आईला कोल्हापुरात ॲडमिट करायची वेळ आली तर स्वतंत्र खोलीच घेणार, जनरल वॉर्ड नको." एजंटाने हे वाक्य त्यांच्याच शब्दांत, तारखेसह वहीत लिहून ठेवलेलं असावं. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आता पॉलिसीची अट बघा. अशा काही पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादा रोज विमा रकमेच्या एक टक्का असते. म्हणजे इथे ३,००० रुपये. खोली ४,५०० ची घेतली, तर चार दिवसांच्या १८,००० भाड्यापैकी १२,००० मिळतील. पण कपात तिथेच थांबत नाही. डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर असे ६०,००० झाले, तर तेही त्याच प्रमाणात, दोन तृतीयांश, म्हणजे ४०,००० मंजूर होतात. औषधं आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही. तरीही एकूण २६,००० खिशातून गेले. पाच लाखांच्या पॉलिसीत मर्यादा ५,००० होते आणि ही खोली त्यात बसते.

मग बोलायचं कसं? "काका, आईंसाठी स्वतंत्र खोली हवी असं तुम्ही म्हणाला होता. अजून तसंच आहे ना?" आधी एवढंच विचारायचं. ते "हो" म्हणाले की वरचा हिशोब कागदावर मांडायचा, शेजारी दोन्ही हप्ते लिहायचे. "नाही, आता तसं काही नाही" म्हणाले, तर विषय तिथेच संपला.

आणि एक गोष्ट त्यांनी विचारायच्या आधी आपणच सांगायची. वाढीव दोन लाखांना प्रतीक्षा काळ नव्याने लागतो. आईंना आधीपासून मधुमेह असेल, तर त्यासंबंधी उपचारांत वाढीव रकमेचा फायदा तीन वर्षांपर्यंत मिळणार नाही, तोवर जुनीच मर्यादा धरली जाऊ शकते. हे लपवून विकलेली पॉलिसी पहिल्या क्लेमलाच उघडी पडते.

आपण दामटतोय का, हे ओळखायची खूण सोपी आहे. काका हॉस्पिटलचे दर, हप्त्याची तारीख असं स्वतः विचारू लागले, तर गरज त्यांची आहे. नुसतं "बघू, बघू" चाललं असेल, तर कागद त्यांच्याकडे ठेवून उठावं. नूतनीकरणाच्या आठवडाभर आधी एक फोन करावा. तेव्हाही "आहे तेच चालू ठेवा" म्हणाले, तर तीन लाखांचीच पॉलिसी वेळेत नूतनीकरण करून द्यावी. ती खंडित झाली, तर आजवर भरून काढलेला प्रतीक्षा काळही धोक्यात येतो.