एजन्सी घेण्याआधी: हद्द, टार्गेट आणि तीस दिवसांची नोटीस

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या बाजारपेठेत चांगल्या कंपनीची एजन्सी मिळणं ही आजही मोठी गोष्ट मानली जाते. करार मात्र बहुधा कुणी वाचत नाही. पंचवीस-तीस पानांचं छापील इंग्रजी बाड येतं, एरिया मॅनेजर पेन्सिलीने फुल्या मारून देतो तिथे सह्या होतात आणि डिपॉझिटचा चेक जातो. पुढे ते बाड उघडलं जातं ते एजन्सी काढून घेतल्याचं पत्र आल्यावर. तोवर फार उशीर झालेला असतो, आणि त्याचं कारण कायद्यात आहे.

इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस हा 1991 च्या लॉ रिपोर्टमध्ये छापलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वितरकांच्या बाबतीत आजही पुन्हा पुन्हा पुढे येतो. अमृतसरच्या गॅस वितरकाची एजन्सी कंपनीने रद्द केली. ती रद्द करणं चुकीचं होतं असं लवादाने ठरवलं आणि एजन्सी परत देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही. करारात दोन्ही बाजूंना तीस दिवसांची नोटीस देऊन मोकळं होण्याचा अधिकार होता. म्हणून रद्द करणं चुकीचं असलं तरी वितरकाला मिळणार ती त्या तीस दिवसांच्या काळातल्या नुकसानीची भरपाई, एजन्सी नव्हे. जो करार मुळातच संपवता येण्याजोगा आहे तो जबरदस्तीने चालू ठेवायला लावता येत नाही, हे स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, 1963 च्या कलम 14 चं तत्त्व त्यामागे आहे.

म्हणून वितरकाच्या बाजूने करार तपासताना मी शेवटाकडून सुरुवात करते. करार कसा संपतो ते आधी बघायचं, मग टार्गेट, आणि हद्दीचं कलम सर्वांत शेवटी.

एक नमुना घेऊ. सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांसाठी मसाले आणि लोणच्यांच्या कंपनीची एजन्सी आहे. वर्षाचं टार्गेट 1 कोटी 80 लाख, म्हणजे महिन्याला सरासरी 15 लाखांचा माल. मार्जिन 6 टक्के धरू. महिन्याचे 90 हजार सुटतात, आणि त्यातूनच गोडाऊनचं भाडं, टेम्पोचं डिझेल, सेल्समनचे पगार जायचे. आता अडकलेला पैसा मोजू. गोडाऊनमध्ये वीस दिवसांचा माल, म्हणजे 10 लाख. दुकानदारांकडे तीन आठवड्यांची उधारी, म्हणजे साडेदहा लाख. डिपॉझिट 5 लाख. स्कीमचे आणि खराब मालाचे कंपनीकडून यायचे क्लेम अडीच लाख. एकूण 28 लाख.

तीस दिवसांच्या नोटिशीने ही एजन्सी गेली आणि वितरक कोर्टात किंवा लवादापुढे पूर्ण जिंकला, तरी त्याच्या हाती साधारण एका महिन्याचे 90 हजार पडतील, तेही वाचलेला खर्च वजा करून. अडकलेले 28 लाख मात्र स्वतःच सोडवावे लागतात. लाइन हातातून गेली की उधारी वसूल होणं किती कठीण होतं ते बाजारातल्या कुणालाही विचारा. पुढच्या आठवड्यात माल पाहिजे असतो म्हणून दुकानदार मागचं बिल देतो. माल नवा वितरक आणायला लागला की जुन्याचा सेल्समन दारात उभा राहतो आणि ‘पुढच्या सोमवारी बघू’ ऐकून परत येतो.

नोटिशीची मुदत ही त्यामुळे या पैशाशी जोडून मागायची गोष्ट आहे. आपला माल विकून उधारी गोळा व्हायला जितके दिवस लागतात तितकी तरी मुदत हवी. वरच्या नमुन्यात 90 दिवस वाजवी ठरतील. छापील करारात अनेकदा कंपनीला 30 आणि वितरकाला 90 दिवस असतात, ते दोघांना सारखे करून घ्यावेत. कंपनीच्या सांगण्यावरून नवं गोडाऊन किंवा गाड्या घ्यायच्या असतील, तर पहिली दोन वर्षं विनाकारण करार रद्द करता येणार नाही हे कलम मागावंच. कर्जाचे हप्ते चालू असताना एजन्सी गेली तर ती गाडी दुसऱ्या कामाला लावणं सोपं नसतं.

करार संपल्यावर काय, हे बहुतेक छापील करारात कंपनीच्या सोयीचं लिहिलेलं असतं: शिल्लक माल परत घेणं ‘कंपनीच्या मर्जीनुसार’. तिथे ‘मर्जी’ जाऊन ‘कंपनी परत घेईल’ यावं. विकण्याजोगा माल खरेदी किमतीला, किती दिवसांत, आणि वाहतूक कुणाच्या खर्चाने, हे तिघंही लिहिलेले हवेत. डिपॉझिट आणि क्लेम किती दिवसांत मिळणार आणि उशीर झाला तर व्याज किती, हेही हवं. हिशेब पूर्ण झाला की तारण म्हणून दिलेले कोरे चेक परत करायची तारीखही लिहून घ्यावी. असा चेक भरून बँकेत टाकला आणि परत आला, की आपली बाजू खरी असली तरी कलम 138 च्या खटल्याला उत्तर देत बसावं लागतं.

आता टार्गेट. आकडा मोठा की लहान यावर सगळी चर्चा होते, आणि मोजणी कशी होणार ते राहून जातं. आपल्या नमुन्यात 1 कोटी 80 लाखांची चार तिमाहींत सारखी वाटणी आहे, प्रत्येकी 45 लाख. वर्षातल्या कोणत्याही दोन तिमाहींत टार्गेट चुकलं तर कंपनी लगेच करार रद्द करू शकते, असं कलम आहे. पण मसाल्याचा धंदा असा सपाट चालत नाही. वर्षाचा मसाला आणि लोणचं उन्हाळ्यात होतं, म्हणून एप्रिल ते जूनमध्ये 60 लाखांचा माल जाईल. पावसाळ्यात तो 30 लाखांवर येईल. दिवाळीच्या तिमाहीत 50 आणि जानेवारी ते मार्चमध्ये 40. बेरीज करा: 1 कोटी 80 लाख. वर्षाचं टार्गेट रुपयाला रुपया पूर्ण झालं, आणि तरी दोन तिमाही चुकल्यामुळे हा वितरक करारभंगात आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काय होतं ते यावरून समजेल. एरिया मॅनेजरला स्वतःचा आकडा गाठायचा असतो, तो आणखी 15 लाखांचा माल उचलायला सांगतो. कंपनीच्या दृष्टीने ही प्रायमरी, म्हणजे वितरकाला झालेली विक्री, आणि टार्गेट बहुधा तिच्यावरच मोजतात. दुकानात गेलेला माल ही सेकंडरी, आणि ती 30 लाखांचीच राहते. गोडाऊन भरतं, ओव्हरड्राफ्ट वाढतो, मालाच्या तारखा जवळ येतात. मग तो माल कमी भावात शेजारच्या जिल्ह्यातल्या होलसेलरला जातो, आणि हद्दीबाहेर विक्री केल्याचं दुसरं कारण कंपनीच्या हाती लागतं. गोडाऊनमधला साठा सेकंडरीच्या मानाने दर तिमाहीअखेर फुगतोय असं दिसलं, तर टार्गेटचं कलम बिघडलेलं आहे हे नक्की समजावं.

दुरुस्ती अवघड नाही. मागच्या बारा महिन्यांची खरी विक्री तिमाहीवार काढून टार्गेट त्या चढउताराने वाटून घ्यावं आणि निकाल वर्षाच्या बेरजेवर लावावा. कंपनीने न पुरवलेली ऑर्डर टार्गेटमधून वजा व्हावी. त्यासाठी ऑर्डर फोनवर न देता मेलवर किंवा कंपनीच्या ॲपवर द्यावी, नाहीतर माल मागितला होता याचा पुरावाच राहत नाही. टार्गेट वाढवायचं तर दोघांच्या सहीने. ‘कंपनी वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे’ एवढ्या शब्दांनी बाकी सगळं वाटाघाटीचं काम वाया जातं. आणि टार्गेट चुकल्यावर थेट करार रद्द न होता आधी लेखी सूचना, मग सुधारायला एक तिमाही, मग फारतर हद्दीतला एकाधिकार जावा. कंपन्या ही पायरी बऱ्याचदा मान्य करतात, कारण त्यांनाही नवा वितरक शोधणं महाग पडतं.

एकाधिकाराचं कलम सगळ्यांना आवडतं, कारण ते पहिल्या पानावर असतं: या दोन जिल्ह्यांत तुम्हीच आमचे वितरक. पण ते वाचताना त्यातले अपवाद शोधायचे असतात, आणि ते पुढच्या पानांत सापडतात. मॉल, सुपरमार्केट, ऑनलाइन कंपन्या, कॅन्टीन आणि सरकारी पुरवठा कंपनी स्वतः करेल, असं एक वाक्य कुठेतरी असतं. 2022 च्या सुरुवातीला ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशनने मोठ्या कंपन्यांविरुद्ध जो असहकार पुकारला, त्याच्या मुळाशी हेच होतं. ऑनलाइन घाऊक कंपन्यांना मिळणारा भाव वितरकापेक्षा कमी होता, आणि त्याचाच दुकानदार मोबाइलवर ऑर्डर देऊ लागला होता. हद्द नकाशावर तशीच राहिली, विक्री तिच्यातून निघून गेली.

हे अपवाद पूर्ण काढून टाकायला कंपनी सहसा तयार होत नाही आणि त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही. मात्र राखीव ग्राहकांची नावं परिशिष्टात असावीत. ‘आधुनिक व्यापार’ एवढाच ढोबळ शब्द चालत नाही, कारण उद्या गल्लीतलं मोठं किराणा दुकानही त्यात बसवता येईल. त्यांना आपल्या हद्दीत गेलेला माल आपल्या टार्गेटमध्ये धरावा, किंवा तेवढं टार्गेट कमी करावं. हद्द तालुक्यांच्या नावांनी लिहावी. ‘सांगली आणि परिसर’ असं लिहिलं की जयसिंगपूर कुणाचं यावर पहिल्याच महिन्यात भांडण होतं.

एकाधिकार दुसऱ्या बाजूनेही असतो: वितरकाने स्पर्धक कंपनीचा माल ठेवायचा नाही. करार चालू असेपर्यंत असं बंधन साधारणपणे टिकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या गुजरात बॉटलिंग प्रकरणात सांगितलं. करार संपल्यावरही दोन वर्षं स्पर्धकाची एजन्सी घ्यायची नाही हे कलम मात्र करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 खाली रद्दबातल ठरतं. तरी ते खोडून घेतलेलं बरं. नवी कंपनी जुना करार मागून बघते आणि वाद नको म्हणून मागे सरते. ‘स्पर्धक माल’ म्हणजे काय हेही ठरवावं: मसाल्याच्या कंपनीने तुम्हाला पापड, शेवया विकायला बंदी का घालावी?

वाटाघाटीत एरिया मॅनेजर बरंच काही तोंडी कबूल करतो. तो मनापासूनही बोलत असेल. पण करारात बहुधा एक कलम असतं की या कागदाबाहेरचं कुठलंही आश्वासन बंधनकारक नाही, आणि मॅनेजरची बदली दोन वर्षांत होते. जे ठरलं ते करारात किंवा कंपनीच्या अधिकृत सहीच्या पुरवणी पत्रात यायला हवं. परिशिष्टं कोरी असताना सही करू नये, कारण हद्द, टार्गेट आणि राखीव ग्राहक तिथेच लिहिले जातात. आणि कंपनीची सही झालेली प्रत हातात आल्याशिवाय डिपॉझिटचा चेक देऊ नये. कित्येक वितरकांकडे फक्त स्वतःच्याच सहीची झेरॉक्स असते, आणि वादाच्या वेळी पहिला अर्ज मूळ करार मिळवण्यासाठीच करावा लागतो.