स्वतंत्र सल्लागाराचा व्यवसाय – लेखांक ९ : लिंक्डइनवरून येणारी चौकशी

लिंक्डइनवर टाकलेली पोस्ट आधी थोड्याच लोकांना दिसते. लिहिणाऱ्याचे कनेक्शन आणि फॉलोअर यांतल्या काही जणांच्या फीडमध्ये ती जाते. ते तिच्यापाशी थांबले, पूर्ण वाचून गेले किंवा खाली काही लिहिले, तर ती त्यांच्या ओळखीच्यांपर्यंत पोहोचू लागते. म्हणून ज्याच्या यादीत जेमतेम दीड-दोनशे माणसे आहेत, अशा सल्लागाराने काय लिहायचे हे नंतर ठरवावे. आधी ही माणसे कोण आहेत ते पाहावे. बहुतेकांच्या यादीत कॉलेजचे मित्र, जुन्या कंपनीतले सहकारी आणि नोकरभरती करणारे एजंट भरलेले असतात. पोस्टला लाइक भरपूर मिळतात, पण त्यांतला एकही जण सल्ला विकत घेणारा नसतो.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांना कॉम्प्रेस्ड एअरवरचा विजेचा खर्च कमी करून देणारा एक सल्लागार उदाहरणादाखल घेऊ. वीस वर्षे मेंटेनन्समध्ये नोकरी करून तो आता स्वतंत्र काम करतो. त्याला बोलावण्याचा निर्णय मेंटेनन्स मॅनेजर, प्लांट हेड किंवा मध्यम कारखान्याचा मालक घेतो. लिंक्डइनच्या शोधात हुद्दा आणि गाव घालून ही माणसे सापडतात. आठवड्याला दहा-पंधरा जणांना विनंती पाठवली, तर काही महिन्यांत यादीचा चेहरा बदलतो. एका दमात शेकड्यांनी विनंत्या पाठवल्या की लिंक्डइन हात आखडते आणि खात्यावर काही दिवस बंधन येते. फुकट खात्यात विनंतीसोबत चिठ्ठी जोडण्याची मुभा महिन्याला मोजकीच असते, तेव्हा ती ज्यांच्याकडे काम मिळण्याची खरी शक्यता आहे त्यांच्यासाठी राखून ठेवावी. विनंती स्वीकारताच सेवांचे माहितीपत्रक पाठवण्याची प्रथा मात्र घातक आहे. ते न वाचता बाजूला पडते आणि पुढच्या पोस्टकडेही तो माणूस विक्रेत्याच्याच नजरेने पाहतो.

आता पोस्ट. या सल्लागाराची एक पोस्ट अशी असू शकते :

‘रविवारी कारखाना बंद, हवा वापरणारे एकही मशीन चालू नाही. तरी ३७ किलोवॉटचा कॉम्प्रेसर दर आठ मिनिटांतली दोन मिनिटे लोडवर जात होता. म्हणजे त्याच्या क्षमतेतली पाव हवा गळतीतून जात होती. ही चाचणी कोणालाही घड्याळ घेऊन करता येते : लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोड यांचा एकूण वेळ, गुणिले शंभर. येणारा आकडा म्हणजे गळतीची टक्केवारी. कॉम्प्रेसर वर्षाला सहा हजार तास चालत असेल आणि युनिटचा दर नऊ रुपये धरला, तर एवढ्या गळतीचे बिल वर्षाला पाच लाखांच्या घरात जाते. इथे सर्वांत मोठी गळती मशीनवर नव्हती. छताजवळच्या जुन्या लाइनच्या, वापरात नसलेल्या फांदीवर होती.’

फीडमध्ये पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. बाकीचा मजकूर उघडावा लागतो. म्हणून प्रसंग आणि आकडा सुरुवातीलाच आले आहेत. ‘ऊर्जाबचत ही काळाची गरज’ अशा वाक्याने सुरुवात केली असती, तर प्लांट हेडचे बोट पुढे सरकले असते. दुसरे म्हणजे पोस्टमध्ये पद्धत पूर्ण सांगितली आहे. ज्ञान फुकट वाटले तर पैसे कोण देणार, ही भीती नव्या सल्लागारांना हमखास असते, आणि ती बहुतेक वेळा चुकीची ठरते. मेंटेनन्स मॅनेजर रविवारी घड्याळ लावून बसतो आणि त्याचा आकडा तीस टक्के येतो. गळती किती हे त्याला आता कळले, पण कुठे आहे हे कळलेले नाही. ती शोधायला अल्ट्रासॉनिक डिटेक्टर हवा, चालू कारखान्यात फिरणारा सरावाचा माणूस हवा, आणि वरिष्ठांपुढे ठेवायला हिशेब हवा. फोन उचलला जातो तो त्या वेळी. पोस्टने त्याला स्वतःची अडचण मोजून दिली, एवढेच तिचे काम.

अशा पोस्टचे विषय साइटवरच्या वहीत मिळतात. आठवड्याला एक पोस्ट पुरते, पण ती दर आठवड्याला यायला हवी. गिऱ्हाइकाचे नाव त्याच्या परवानगीशिवाय घालू नये. नाव गाळूनही उत्पादन, परिसर आणि महिना सांगितला, तर त्या पट्ट्यातल्या माणसांना कारखाना ओळखता येतो, याचेही भान हवे.

यादी लहान असताना दुसऱ्यांच्या पोस्टखालची टिप्पणी स्वतःच्या पोस्टपेक्षा लांब जाऊ शकते. एखाद्या प्लांट हेडने नव्या कॉम्प्रेसरविषयी लिहिले असेल, तर ‘छान माहिती’ लिहून कोणाच्याच लक्षात राहता येत नाही. शेवटच्या मशीनपाशी दाब किती मिळतो आणि नवा कॉम्प्रेसर घेण्याआधी दाब एक बारने उतरवून पाहिला का, असा प्रश्न विचारला तर तिथे येणारे इतर प्लांट हेड तो वाचतात. दाब एक बारने उतरला की विजेचा खर्च ढोबळमानाने सहा-सात टक्के घटतो, हे त्यांनाही ठाऊक असते, त्यामुळे प्रश्न विचारणारा जाणकार आहे हे त्यांना लगेच उमगते.

प्रयत्न बरोबर चालला आहे की नाही, हे लाइकवरून कळत नाही. चौकशी करणारे बहुधा मुकाट्याने वाचणारे असतात. आपल्याकडे गळती आहे हे चारचौघांत कोण कबूल करील? पोस्टच्या आकडेवारीत वाचकांचे हुद्दे, गावे आणि उद्योग दिसतात, ते पाहावेत. तिथे इतर सल्लागार आणि विद्यार्थीच दिसत असतील, तर दोष यादीत किंवा विषयात आहे. हुद्दे बरोबर आहेत, प्रोफाइलही पाहिले जाते, तरी निरोप येत नाही, तेव्हा अडचण प्रोफाइलमध्ये शोधावी. ती पुष्कळदा अगदी साधी असते. ओळखीबाहेरच्या माणसाला फुकट खात्यावरून सरळ निरोप पाठवता येत नाही, आणि संपर्काच्या रकान्यातला ईमेल व फोन सहसा कनेक्शन असलेल्यांनाच दिसतो. म्हणून परिचयाच्या मजकुरातच ईमेल लिहावा आणि सेवा देत असल्याचे पान चालू करावे. त्या पानावरून कोणालाही निरोप पाठवता येतो. नावाखालच्या ओळीत ‘संस्थापक’ लिहिण्यापेक्षा ‘कारखान्यांतील कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधणे आणि वीजबिल कमी करणे’ असे लिहिले, तर येणाऱ्याला काय मिळेल ते कळते.

चौकशी आली की तिला भाषणाने उत्तर देऊ नये. कॉम्प्रेसर किती किलोवॉटचा आणि दिवसाला किती तास चालतो, हे दोन प्रश्न विचारावेत आणि त्यावरून भेटीची फी कळवावी. फुकट भेट मागणारे इथेच गळतात.

या मार्गाला वेळ लागतो. पहिली कामाची चौकशी यायला काही महिने जाऊ शकतात, आणि आलेली चौकशीही कारखान्याच्या बजेटची वाट पाहत थांबते. पुढच्या महिन्याचा घरखर्च ज्याला भागवायचा आहे, त्याने जुन्या ओळखीच्यांना फोन करणेच बरे. शिवाय दहा-बारा कामगारांच्या वर्कशॉपचा मालक लिंक्डइनवर क्वचितच असतो. तो व्हॉट्सॲपवर असतो आणि कॉम्प्रेसर विकणाऱ्या डीलरचे ऐकतो. गिऱ्हाईक अशा वर्कशॉपांमध्येच असेल, तर डीलरशी संधान बांधावे आणि लिंक्डइनचा नाद सोडावा.