चाळीस टक्के इमारतीचा नफा

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेने तीन मजली कार्यालय बांधायला काढले. ठेका जीएसटी सोडून १ कोटी ८० लाखांना एका भागीदारी संस्थेने घेतला. बाकीची छोटी कामे धरून या ठेकेदारांची वर्षाची उलाढाल तीन कोटींच्या वर जाते. त्यामुळे उलाढालीच्या आठ किंवा सहा टक्के नफा दाखवून मोकळे होण्याची आयकरातली सवलत त्यांना मिळत नाही, हिशेब रीतसरच ठेवावा लागतो. अंदाजपत्रकाप्रमाणे खर्च १ कोटी ६० लाख, म्हणजे सुटणार वीस लाख. काम जून २०२३ मध्ये सुरू झाले आणि ताबा मार्च २०२५ मध्ये द्यायचा ठरला. मध्ये ३१ मार्च २०२४ आला. तेव्हा दोन स्लॅब पडले होते, तिसऱ्याचे सेंट्रिंग चालू होते, गिलाव्याला हात लागलेला नव्हता. या वर्षाचा नफा किती?

बहुतेक ठेकेदार याचे उत्तर बिलांवरून काढतात. वर्षभरात पतसंस्थेला ६३ लाखांची आरए बिले, म्हणजे चालू कामाची बिले, दिली. खर्च ७२ लाख झाला. म्हणजे नऊ लाख तोटा! पुढच्या वर्षी उरलेली ११७ लाखांची बिले आणि ८८ लाखांचा खर्च, म्हणजे २९ लाख नफा. बेरीज वीसच येते, पण दोन्ही वर्षांचे चित्र खोटे आहे. पहिल्या वर्षाचा ताळेबंद पाहून बँक कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायला नकार देईल आणि दुसऱ्या वर्षी एकदम २९ लाखांवर कर भरावा लागेल. शेवटचे मोजमाप फेब्रुवारीत झाले की एप्रिलमध्ये, एवढ्यावर जर नफा-तोटा ठरत असेल, तर तो हिशेब कामाचा नव्हे, अभियंत्याच्या सवडीचा झाला.

म्हणून बांधकाम ठेक्यांसाठीचे लेखा मानक ७ सांगते की, काम जितके टक्के झाले तितके टक्के उत्पन्न त्या वर्षाचे धरा. आयकरातही हीच पद्धत आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३सीबी २०१८ च्या वित्त कायद्याने घातले, तेही मागच्या तारखेपासून. काम किती टक्के झाले हे प्रत्यक्ष मोजणी करूनही ठरवता येते. पण सर्वांत रुळलेली रीत खर्चाची आहे. आजवर झालेल्या खर्चाला एकूण अंदाजित खर्चाने भागायचे. वाचायला सोपे आहे, पण सगळी मेख भागाकाराच्या वरच्या आणि खालच्या आकड्यात आहे.

आधी वरचा आकडा. वहीतला खर्च ७२ लाख, पण तो सगळा इमारतीत गेलेला नाही. चार लाखांची सळई साइटवर तशीच पडून आहे, न कापलेली, न वाकवलेली. चार लाख लिफ्टच्या कंपनीला आगाऊ दिले आहेत आणि लिफ्ट अजून आलेली नाही. हे आठ लाख वगळायचे, कारण पैसे गेले तरी काम झालेले नाही. सेंट्रिंगवाल्याला दिलेल्या उचलीपैकी जेवढे काम अजून व्हायचे असेल तेवढी रक्कमही अशीच बाजूला काढायची. उरले ६४ लाख. १६० लाखांवर ते बरोबर ४० टक्के होतात. म्हणून पहिल्या वर्षाचे उत्पन्न १८० लाखांच्या ४० टक्के, म्हणजे ७२ लाख. खर्च ६४ लाख, नफा ८ लाख. सळई आणि लिफ्ट मोजली असती तर काम ४५ टक्के झाल्यासारखे दिसले असते आणि नफा ९ लाख. मोठ्या कामात मार्चअखेर ट्रकभर सळई उतरवून नफा फुगवण्याची युक्ती हीच. लेखापरीक्षकाने साइटवर एक फेरी मारली की ती उघडी पडते.

उत्पन्न ७२ लाख धरले, बिले मात्र ६३ लाखांची. मधले नऊ लाख ताळेबंदात ‘झालेले पण बिल न केलेले काम’ म्हणून येणेबाजूला दिसतात. पतसंस्थेने काम सुरू करण्यासाठी दिलेली १८ लाखांची उचल मात्र उत्पन्न नाही, ती बिलांतून फिटेपर्यंत देणेच. बिलांतून पाच टक्के कापून ठेवलेली अनामत, इथे ३ लाख १५ हजार, हाती आली नसली तरी उत्पन्नात धरावी लागते. पूर्वी तिच्यावरचा कर ती मिळण्याचा हक्क प्रत्यक्ष निर्माण होईपर्यंत पुढे ढकलता येई. कलम ४३सीबीने ती वाट बंद केली. छोट्या ठेकेदाराला हे जाचक आहे, असे माझे मत.

टीडीएसचा गोंधळही याच वेळी होतो. पतसंस्था उचल देतानाही टीडीएस कापते, म्हणून फॉर्म २६एएसमध्ये दिसणारी रक्कम वहीतल्या ७२ लाखांशी जुळत नाही. जुळवायचीही नसते. फरकाचा तक्ता करून ठेवायचा. टीडीएसची वजावट ज्या वर्षी ते उत्पन्न दाखवले त्या वर्षी मागता येते.

आता खालचा आकडा, आणि खरी चूक इथेच होते. १ कोटी ६० लाखांचा अंदाज निविदा भरतानाचा. पुढे टाइल्स, वायरिंग, मजुरी महागली. दुसऱ्या वर्षाअखेर एकूण खर्च १६८ लाखांवर गेला. तेव्हा ठेक्याचा एकूण नफा बारा लाखच राहिला आणि आठ पहिल्या वर्षीच दाखवून झाले होते. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या वाट्याला चारच लाख आले: उत्पन्न १०८, खर्च १०४. जुने वर्ष उघडायचे नाही, अंदाज बदलला त्या वर्षीच फरक पडू द्यायचा, असा नियम आहे.

पण समजा, मार्च २०२४ मध्येच दरवाढ दिसत होती आणि तेव्हाचा प्रामाणिक अंदाज १७० लाखांचा होता. मग ६४ भागिले १७० म्हणजे सुमारे ३७.६ टक्के, आणि पहिल्या वर्षाचा नफा आठ लाख नव्हे, पावणेचार लाखांच्या आसपास. खर्च सहा-सव्वासहा टक्क्यांनी वाढतो आणि नफा निम्म्याहून खाली येतो. निविदेचे अंदाजपत्रक फायलीत तसेच ठेवून दरवर्षी त्यानेच भागणारा ठेकेदार आपल्याच खिशातून कर आगाऊ भरत असतो. उरलेल्या प्रत्येक बाबीचा आजचा दर घेऊन शिल्लक खर्च नव्याने मांडणे, हे मार्चअखेरचे सर्वांत महत्त्वाचे काम. त्यावर साइट अभियंत्याची सही हवी. सोबत एमबीच्या नोंदी आणि साइटवरच्या मालाची यादी जोडलेली हवी. आयकर अधिकारी टक्केवारीवर शंका घेतो तेव्हा हेच कागद उपयोगी पडतात.

काम अगदी सुरुवातीला असेल तर टक्केवारी काढून नफा धरण्याची घाई नको. आयकराच्या मानकानुसार २५ टक्क्यांपर्यंतचे काम सुरुवातीचे मानता येते. त्या टप्प्यावर निकालाचा भरवसा नसेल तर झालेल्या खर्चाइतकेच उत्पन्न दाखवायचे, नफा शून्य.

तोट्याचा नियम मात्र वेगळा आहे. अंदाज १९० लाखांवर गेला तर ठेका दहा लाखांनी बुडीत. लेखा मानकाप्रमाणे ते दहाही लाख कळले त्याच वर्षी वहीत टाकायचे, काम कितीही टक्के झालेले असो. आयकर मात्र त्या वर्षी कामाच्या प्रमाणातच तोटा मानतो, म्हणून अशा वर्षी वहीतला नफा आणि करपात्र नफा हे दोन आकडे वेगवेगळे निघतात.