वकिलाच्या हाती देण्याचे एक पान

जमीन घ्यायची ठरली की लोक सातबारे, फेरफार आणि खरेदीखतांच्या झेरॉक्स एका पिशवीत भरतात आणि वकिलांकडे नेऊन देतात. मग वकिलांचा पहिला वेळ कागद लावण्यात जातो आणि विचार करायला उरतो तो थोडा. त्या गठ्ठ्यावर मालकी कोणाकडून कोणाकडे आली आणि कुठे शंका आहे हे सांगणारे एक-दोन पानांचे टिपण ठेवले, तर तपासणी नेमक्या जागी सुरू होते. असे टिपण घरच्या कोणालाही करता येते.

समजा, एका गावात 1 हेक्टर 20 आर शेतजमीन विकाऊ आहे. विकणाऱ्याने ती 2011 साली घेतली. त्याला विकणाऱ्याने 2003 साली दोन भावांकडून घेतली होती. भावांकडे ती वडिलांच्या निधनानंतर, 1987 च्या वारस नोंदीने आली आणि वडिलांना ती कुळकायद्याच्या कलम 32ग खाली कूळ म्हणून मिळाली होती. टिपणात ही साखळी जुन्याकडून नव्याकडे लिहायची. प्रत्येक व्यवहाराला एक ओळ पुरते: कोणी दिले, कोणी घेतले, तारीख, दस्त क्रमांक, फेरफार क्रमांक, क्षेत्र. मग एकच पडताळणी करायची. प्रत्येक ओळीतला देणारा हा आधीच्या ओळीतला घेणारा आहे का? जिथे नाव जुळत नाही, तिथे साखळी तुटली आहे किंवा एखादा कागद हाती आलेला नाही.

फेरफार म्हणजे मालकी नव्हे, हे इथे पक्के लक्षात ठेवावे लागते. महसुली नोंद ही मुख्यतः सारा वसुलीसाठी असते आणि तेवढ्यावर हक्क निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. म्हणून ‘2003 ला मालकी बदलली’ असे न लिहिता ‘2003 चे नोंदणीकृत खरेदीखत आहे, त्यावरून फेरफार मंजूर झाला’ असे लिहावे. दस्ताची प्रत हाती नसेल आणि फक्त फेरफार असेल, तर तसेच स्पष्ट लिहावे.

या उदाहरणातली पहिली शंका वारस नोंदीत आहे. 1987 च्या फेरफारात आई आणि दोन मुलगे आहेत, पण गावात चौकशी केली तर एक बहीणही असल्याचे कळते. मुलींना हक्क 2005 मध्येच मिळाला असे अनेकांना वाटते, ते अपुरे आहे. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क दिला आणि 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या विक्रीला त्यातून संरक्षणही दिले. पण वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच वारस आहे. त्यामुळे 2003 ची विक्री त्या संरक्षणात बसली तरी बहिणीच्या वारसा हिश्श्याचा प्रश्न उरतो. टिपणात निकाल द्यायचा नाही. वडिलांच्या निधनाची तारीख, बहीण हयात आहे का, तिने हक्कसोडपत्र दिले आहे का आणि ही माहिती कोणाकडून कळली, एवढे लिहायचे. जमीन वडिलांची स्वतंत्र होती की एकत्र कुटुंबाची आणि मुदतीचा कायदा कुठे लागू पडतो, हे वकील ठरवतील.

दुसरी शंका सातबाऱ्याच्या इतर हक्कात सापडते. तिथे ‘कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’ असा शेरा असेल, तर कुळाला मिळालेली ती जमीन विकायला त्या काळी परवानगी लागत होती. 2014 च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षे झालेल्या जमिनीला आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ही अट सुटते, पण 2003 मध्ये ती सवलत नव्हती. म्हणून प्रश्न असा लिहावा: ‘2003 च्या विक्रीपूर्वीचा परवानगी आदेश मिळाला नाही. शेरा आजही कायम आहे. विक्रीवर काय परिणाम?’ सोबत कलम 32म चे प्रमाणपत्र हाती आहे की नाही तेही लिहावे. शेरा नंतर उतरला असेल, तर तो कोणत्या फेरफाराने उतरला हे सांगावे.

क्षेत्राचा फरक मात्र एका वाक्यात संपतो: सातबाऱ्यावर 1 हेक्टर 20 आर, खरेदीखतात 1 हेक्टर 25 आर, मोजणी नकाशा नाही.

टिपण बिघडते ते शंका झाकल्यामुळे. विकणाऱ्याचे ‘बहिणीची काही हरकत नाही’ हे तोंडी वाक्य टिपणात कागदावरच्या माहितीसारखे उतरले, तर वकील त्यावर भिस्त ठेवू शकतात. ‘कागदावर आहे’, ‘विकणारा सांगतो’ आणि ‘आम्हाला वाटते’ हे तीन प्रकार वेगळे ठेवले, की प्रत्येक विधानावर किती भरवसा ठेवायचा हे वकिलांना लगेच उमगते. प्रत्येक शंकेपुढे गठ्ठ्यातला पान क्रमांकही घालावा.

हे टिपण विसार देण्याआधी वकिलांच्या हाती पडावे. विसाराची रक्कम गेल्यावर बहिणीचा शोध लागला, तर वाटाघाट करण्याचे बळ खरेदीदाराकडे फारसे उरत नाही.