भागाकारातलं हरवलेलं शून्य

चौथीतल्या एका मुलीचं गणिताचं वर्कशीट समोर ठेवू. त्यावर चार गुणाकार आहेत आणि चार भागाकार. तिने लिहिलेली उत्तरं अशी:

३६ × ७ = ४९२
५२ × ४ = २०८
४८ × ३ = १८४
२७ × ५ = २५५

८४६ ÷ ६ = १४१
८२४ ÷ ४ = २६
६१२ ÷ ३ = २४
२४८ ÷ ४ = ६२

आठपैकी तीन बरोबर, पाच चूक. घाईत तपासणारा पाच फुल्या मारेल, खाली 'सराव हवा' असं लिहील आणि अशीच वीस गणितं पुन्हा सोडवायला देईल. पण या मुलीला सरावाचा उपयोग होणार नाही. ती जे करते आहे ते ती अगदी नेमाने, दरवेळी त्याच पद्धतीने करते आहे. वीस गणितं दिली तर तीच चूक वीस वेळा पक्की होईल.

म्हणून फुली मारण्याआधी बरोबर आलेली गणितं पाहावीत. ५२ × ४ बरोबर का आलं? चार दुणे आठ, म्हणजे एककात हातचा आलाच नाही. बाकीच्या तिन्ही गुणाकारांत हातचा आहे आणि तिन्ही चुकले आहेत. भागाकारांतही असाच फरक दिसतो. १४१ आणि ६२ या उत्तरांत शून्य नाही, ते बरोबर आहेत. जे दोन चुकले त्यांची खरी उत्तरं २०६ आणि २०४ आहेत. दोन्हींच्या मधोमध शून्य आहे आणि ते दोन्हीकडे गळालं आहे. पाढे तर कुठेच चुकलेले नाहीत. म्हणजे या पाच चुकांच्या मागे मोजून दोन कारणं आहेत.

गुणाकारातलं कारण आधी पाहू. ३६ × ७ करताना ती म्हणते, सात सक बेचाळीस, दोन लिहिले, हातचे चार. हे बरोबर. ते चार ती ३ च्या डोक्यावर लिहिते. मग ३ आणि ४ मिळवून ७ करते आणि म्हणते, सात साते एकोणपन्नास. उत्तर ४९२. हातचा गुणाकारानंतर मिळवायचा, तो तिने आधीच मिळवला. हाच नियम ४८ × ३ ला लावून पाहा. तीन आठे चोवीस, चार लिहिले, हातचे दोन. चारात दोन मिळवून सहा, सहा त्रिक अठरा. उत्तर १८४, तिने लिहिलंय तेच. २७ × ५ मध्येही दोनात हातचे तीन मिळवले की पाच, पाचा पाचा पंचवीस, म्हणून २५५. तिचा नियम आपल्या हाती आला.

हा नियम तिने आणला कुठून? बेरजेतून. बेरजेत हातचा दशकाच्या डोक्यावरच लिहितात आणि वरून खाली मिळवत येतात, म्हणजे हातचा सर्वांत आधी मिळवला जातो. तिथे तो आधी मिळवा नाही तर नंतर, उत्तर तेच. तिथली बरोबर सवय तिने इथे वापरली.

भागाकारातही तेच घडलं आहे. ८२४ ÷ ४ कसं केलंस, असं विचारलं तर ती सांगते, ''आई, आठाला चारने भाग गेला, चार दुणे आठ. मग दोन खाली घेतले. दोनाला भाग जात नाही, म्हणून पुढचे चार पण घेतले. चार सक चोवीस.'' तिच्या सांगण्यात एकही वाक्य खोटं नाही. 'भाग जात नाही, तर पुढचा अंक घे' हे तिला शाळेतच सांगितलेलं आहे आणि २४८ ÷ ४ मध्ये त्याने उत्तरही बरोबर आलं. तिथे पहिल्या दोनाला भाग जात नव्हता, म्हणून तिने चोवीस घेतले आणि ६२ लिहिले. फरक इतकाच की अंक उत्तराच्या सुरुवातीला घेतला तर वर काही लिहावं लागत नाही, कारण ०६२ आणि ६२ एकच. उत्तराच्या मध्ये मात्र ती जागा मोकळी सोडता येत नाही. ती सोडली की शतकातले दोन सरकून दशकात येतात आणि दोनशे सहाचे सव्वीस होतात.

मुलांच्या चुका अशा नेमबद्ध असतात हे अमेरिकेतल्या जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मांडलं. वजाबाकीच्या चुकांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी त्यांनी 'बगी' नावाचा संगणकावरचा खेळ तयार केला. त्यात एक काल्पनिक विद्यार्थी ठरावीक पद्धतीने चुकत असे. शिक्षकाने त्याला गणितं घालायची, चुकीचा नियम ओळखायचा आणि मग पुढच्या गणितात तो विद्यार्थी कोणतं चुकीचं उत्तर देईल ते आधी सांगून दाखवायचं.

घरी किंवा वर्गातही हीच कसोटी उपयोगी पडते. या मुलीला ७३५ ÷ ७ द्यावं आणि उत्तर येण्याआधी आपण मनाशी ठरवावं, १५ येईल. तिने १५ लिहिलं तर आपलं निदान बरोबर. तिने १०५ लिहिलं तर शून्याबद्दलचा आपला अंदाज पुन्हा तपासावा लागेल. चुका अशा कोणत्याच नियमात बसत नसतील, तर कारण बहुधा वेगळं असतं. पाढा कच्चा असतो, तो तोंडी विचारला की लगेच कळतं. नाही तर अंक एकाखाली एक येत नसतात, त्यावर चौकटीची वही चांगला उपाय आहे.

कारण कळलं, आता दुरुस्ती कुठून सुरू करायची? चूक भागाकारात जास्त ठळक दिसते, तरी सुरुवात गुणाकाराच्या हातच्यापासून करावी. भागाकाराचा ताळा गुणाकाराने घेतात: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, म्हणजे भाज्य. समजा आपण तिला शून्य शिकवलं, तिने २०६ हे बरोबर उत्तर काढलं आणि ती ताळा घ्यायला बसली. चार सक चोवीस, चार लिहिले, हातचे दोन. शून्यात दोन मिळवून दोन, चार दुणे आठ. मग पुन्हा चार दुणे आठ. ताळा आला ८८४, हवे होते ८२४. ती आपलं बरोबर उत्तर स्वतःच्या हाताने खोडून टाकेल.

हातचा समजावताना दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्यावीत. सात मुलांकडे प्रत्येकी ३६ रुपये आहेत, म्हणजे दहाच्या तीन नोटा आणि सहा नाणी. सगळ्यांची नाणी एकत्र केली की बेचाळीस होतात. त्यांतली चाळीस नाणी देऊन दहाच्या चार नोटा घेतल्या, दोन नाणी उरली. आता मुलांकडच्या नोटा मोजायच्या, सात त्रिक एकवीस. त्यात नाण्यांच्या बदल्यात आलेल्या चार मिळवल्या की पंचवीस नोटा आणि दोन नाणी, म्हणजे २५२ रुपये. इथे तिला एकच प्रश्न विचारावा: ''या चार नोटा सगळ्यांच्या नाण्यांमधून आल्या ना? मग त्यांना पुन्हा सातने गुणायचं का?'' बहुतेक मुलं इथेच थांबून विचार करतात. पुढचे काही दिवस तिने हातचा अंकाच्या डोक्यावर न लिहिता बाजूला लिहावा. तरी गोंधळ होत असेल तर ४२ आणि २१० एकाखाली एक लिहून बेरीज करावी. सवय बसली की हा लांबचा रस्ता आपोआप सुटतो.

हातचा नीट जमू लागला की दुसऱ्या दिवशी भागाकार घ्यावा. एका बैठकीत दोन नियम मोडून नवे घालायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात. ८२४ रुपये चौघांत वाटायचे आहेत, शंभराच्या आठ नोटा, दहाच्या दोन आणि चार नाणी. शंभराच्या प्रत्येकाला दोन मिळाल्या. दहाच्या दोनच नोटा, माणसं चार. प्रत्येकाला दहाची एकही नोट मिळाली नाही, हे तिला तोंडाने म्हणायला लावावं आणि म्हणतानाच दशकाच्या घरात शून्य लिहायला सांगावं. मग त्या दोन नोटांची सुट्टी वीस नाणी घेतली, आधीची चार मिळवली, चोवीस झाली, प्रत्येकाला सहा. वर श, द, ए अशी अक्षरं लिहून प्रत्येक अंक आपापल्या घरात बसवला की २०६ नजरेला स्पष्ट दिसतात. यानंतर तिला नियम थोडा वाढवून द्यावा: ''भाग जात नाही, तर वर शून्य लिही आणि मग पुढचा अंक घे.'' तिचा जुना नियम अर्धा बरोबर होता हेही सांगावं, कारण ते खरंच आहे.

सोबत अंदाज करायची सवय लावावी. आकडेमोड करण्यापूर्वी विचारावं, आठशे रुपये चौघांत वाटले तर प्रत्येकाला साधारण किती? दोनशे, असं ती लगेच सांगेल. मग २६ आलं की ते तिचं तिलाच खटकेल. ताळ्यानेही चूक सापडते, पण अंदाजाने ती लवकर सापडते आणि त्यात हातच्याची भानगड नसते.

वहीवर खूण करण्याचीही एक पद्धत आहे. ८२४ ÷ ४ या गणितात तिने केलेल्या बहुतेक पायऱ्या बरोबर आहेत. दोन, चोवीस आणि सहा या पायऱ्यांवर बरोबरची खूण करावी आणि जिथे शून्य राहिलं तिथे लहानशी मोकळी चौकट काढावी. संपूर्ण गणितावर फुली मारली तर चूक नेमकी कुठे झाली हे मुलीला कळत नाही. मग ती बरोबर पायऱ्याही बदलून बघते.

मधलं शून्य जमलं म्हणून शेवटचंही जमेलच असं नाही. ९६२ ÷ ८ देऊन पाहावं. नवाला भाग एकदा गेला, उरला एक. सहा खाली घेऊन सोळा, आठ दुणे सोळा. मग दोन खाली घेतले, भाग जात नाही आणि पुढे घ्यायला अंकही नाही. इथे अनेक मुलं १२ लिहून बाकी २ ठेवतात. खरं उत्तर १२०, बाकी २. पुन्हा नोटांकडे जावं. दोन नाणी आठ जणांत वाटता येत नाहीत, म्हणून एककाच्या घरात शून्य आणि नाणी दोन उरली.

चार-पाच दिवसांनी काही न सांगता तीन भागाकार द्यावेत: एकाच्या उत्तरात मध्ये शून्य, एकाच्या शेवटी आणि एकात शून्यच नाही. तिसरा मुद्दाम घालायचा, कारण नव्याने शिकलेलं शून्य काही मुलं नको तिथेही लिहू लागतात आणि १४१ चे १०४१ होतात. तिन्ही बरोबर आले आणि तिसऱ्यात शून्य का नाही हे तिने आपल्या शब्दांत सांगितलं, तर हा धडा पूर्ण झाला असं समजून पुढच्या धड्याकडे वळावं.